टोपी पांढरी, कप पांढरा

आजोबांची पंच्याहत्तरी जवळ आली की घरात दोन गोष्टी हमखास ठरतात. एक म्हणजे त्यांचा फोटो छापलेला कप आणि दुसरी म्हणजे समारंभात सगळ्या नातवंडांनी घालायचे एकसारखे टी-शर्ट. फोटोही ठरलेलाच असतो. दिवाळीत अंगणात काढलेला, आजोबा खुर्चीत बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा, वरून काळं जाकीट आणि मागे पोपटी रंग दिलेली भिंत. भिंत काढून टाकायची आणि आजोबा ठेवायचे, एवढंच तर काम. हल्ली फोनवर बोट दाबून ठेवलं तरी माणूस मागच्या दृश्यातून सुटा होतो. नात ती फाइल छपाईवाल्याला पाठवते आणि खाली लिहिते, ‘कप एक, टी-शर्ट बारा, नेव्ही ब्लू.’ चार दिवसांनी सामान घरी येतं. कपावर आजोबांचा चेहरा कपाळापर्यंतच दिसतो, टोपी गायब. टी-शर्टवर टोपी आहे, पण तिच्याभोवती पोपटी-पांढरी कड आहे आणि चेहरा धुरकट.

छपाईवाल्याचं यंत्र यात बहुतेक वेळा निर्दोष असतं. पांढऱ्या कपावरची छपाई आणि गडद सुती टी-शर्टवरची छपाई या दोन अगदी वेगळ्या प्रक्रिया आहेत. एकीत पांढरी शाई नसतेच, तर दुसरीत पांढऱ्या शाईवाचून पान हलत नाही. त्यामुळे फोटो एकच असला तरी फाइल्स दोन कराव्या लागतात. त्या कशा करायच्या, ते या आजोबांच्याच फोटोवर पाहू.

सुरुवात कात्री चालवण्याआधी, मोजमापाने करायची. बारा मेगापिक्सेलच्या फोनने उभा धरून काढलेला फोटो साधारण ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच असतो. आकडा भरघोस वाटतो, पण त्यात भिंत आली, खुर्ची आली, कोपऱ्यातली तुळसही आली. छापायचे आहेत ते फक्त आजोबा. टोपीच्या टोकापासून छातीपर्यंत मोजलं तर या फोटोत ते १४०० पिक्सेल रुंद आणि १९०० पिक्सेल उंच भरतात. कामाचा आकडा हा. फोटो किती मेगापिक्सेलचा, याला पुढे काही अर्थ उरत नाही.

हाच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला तर त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. म्हणजे सगळं चित्र चार दशांश झालं आणि त्यातले आजोबा ५६० गुणिले ७६० उरले. स्क्रीनवर फरक जाणवत नाही, कारण फोनचा स्क्रीनच तेवढा लहान असतो. फरक छापल्यावर दिसतो, आणि तो किती दिसेल हे साध्या भागाकाराने आधी कळतं. चित्राची पिक्सेलमधली उंची घ्यायची आणि ते कपावर किंवा शर्टावर जितके इंच उंच हवं आहे, त्याने भागायचं. येतो तो दर इंचाला मिळणाऱ्या पिक्सेलचा आकडा. छपाईवाले ज्याला बोलताना ‘डीपीआय’ म्हणतात, तो हाच.

कपावर आजोबा ३ इंच उंच हवेत. मूळ फोटोतून कापले तर १९०० भागिले ३, म्हणजे इंचाला ६३३ पिक्सेल. गरजेपेक्षा दुप्पट. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतून कापले तरी ७६० भागिले ३, म्हणजे २५३. हेही चालण्यासारखं आहे. टी-शर्टवर मात्र आजोबा १० इंच उंच हवेत. मूळ फोटोतून इंचाला १९० पिक्सेल मिळतात आणि व्हॉट्सअॅपच्या फोटोतून ७६. धुरकट चेहऱ्याचं कारण हा ७६ चा आकडा. त्याच फाइलने कपाला न्याय दिला आणि शर्टाला दगा दिला, म्हणूनच घरच्यांना कोडं पडतं की कपावर स्पष्ट आलेला चेहरा शर्टावर का बिघडला.

किती पिक्सेल पुरेसे, हे आपला डोळा ठरवतो. चांगली नजर असलेला माणूस हातभर अंतरावरून, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरवरून, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून किंचित बारीक ठिपके वेगळे ओळखू शकतो. त्याचा हिशोब केला तर इंचाला तीनशेच्या आसपास ठिपके येतात. सगळीकडे ऐकू येणारा ‘३०० डीपीआय’ हा आकडा या हिशोबाला धरून आहे. कप आपण तोंडाशी नेतो, त्यामुळे त्याला तो लागू पडतो. टी-शर्ट समोरच्याला मीटरभर अंतरावरून दिसतो आणि कापडाची वीणही बारीक तपशील गिळते. माझ्या मते शर्टावर २०० असतील तर निश्चिंत राहावं, १५० पर्यंत चालवून घ्यावं आणि १०० च्या खाली चेहरा छापूच नये. आपले १९० निश्चिंत राहण्याच्या जवळ आहेत. म्हणून छपाईवाला जेव्हा म्हणतो, ‘ताई, ओरिजनल पाठवा, डॉक्युमेंट करून पाठवा,’ तेव्हा तो आढेवेढे घेत नसतो. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला की तो दाबला जात नाही, जसाच्या तसा पोहोचतो. ईमेल किंवा ड्राइव्हची लिंकही चालते. स्क्रीनशॉट मात्र कधीच पाठवू नये. त्यात फोटो नसतो, फोनच्या स्क्रीनवर दिसणारी त्याची प्रतिमा असते.

फाइलच्या माहितीत ‘७२ डीपीआय’ लिहिलेलं दिसलं की पुष्कळ जण घाबरतात आणि ते खोडून ३०० लिहितात. ती नुसती चिठ्ठी आहे. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त ‘हे चित्र इतक्या इंचांत छापा’ ही सूचना बदलते. फोटोशॉपच्या `Image Size` खिडकीत `Resample` ची खूण काढून आकडा बदलून पाहा. इंच बदलतील, पिक्सेल हलणार नाहीत. खूण ठेवून बदललं तर पिक्सेल वाढतात, पण वाढलेले पिक्सेल शेजाऱ्यांची सरासरी काढून भरलेले असतात. आजोबांच्या मिशीतला जो केस फोटोत आलाच नाही, तो त्यातून उगवत नाही.

दाबलेल्या फोटोत आणखी एक खोट असते, आणि कटआउट करणाऱ्याला ती जास्त छळते. जेपीजी प्रकारची फाइल चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला तपशील कमी करते. फोटो जास्त दाबला की जिथे दोन रंग एकमेकांना भिडतात, तिथे या चौकोनांमध्ये मळकट ठिपक्यांची झालर उमटते. टोपीची कड पोपटी भिंतीला भिडते ती नेमकी अशी जागा. कपावर असा एक चौकोन मिलिमीटरपेक्षा लहान पडतो. दहा इंची छपाईत तोच अडीच मिलिमीटरच्या वर जातो आणि टोपीची कड कुरतडल्यासारखी दिसते. कापणाऱ्याचा हात कितीही सफाईदार असो, कडच मळलेली असेल तर तो काय करणार?

मूळ फोटो हाती आला, आता भिंत काढायची. स्क्रीनवर पारदर्शक जागा राखाडी-पांढऱ्या चौकटींनी दाखवतात. त्या चौकटी फाइलमध्ये नसतात, ‘इथे काही नाही’ हे कळावं म्हणून प्रोग्रॅम त्या काढून दाखवतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या कित्येक ‘पारदर्शक’ चित्रांत मात्र या चौकटी खरोखरच रंगवलेल्या असतात आणि त्या इमानेइतबारे छापूनही येतात. पारदर्शकता साठवली जाते ती अशी: प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे असतात, आणि चौथा आकडा तो पिक्सेल किती भरीव आहे हे सांगतो. शून्य म्हणजे पूर्ण आरपार, २५५ म्हणजे पूर्ण भरीव, आणि मधले सगळे अर्धवट. या चौथ्या आकड्याला अल्फा म्हणतात. पीएनजी फाइलमध्ये त्याला जागा आहे, जेपीजीमध्ये नाही. म्हणून छान कापलेलं चित्र जेपीजी म्हणून साठवलं की मागे पांढरं किंवा काळं पान येऊन बसतं. पीएनजी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली तरी वाटेत तिची जेपीजी होते आणि तेच घडतं.

गिंपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फोनचा फोटो उघडून खोडरबर फिरवला आणि चौकटींऐवजी पांढरं दिसलं, तर त्या थराला अल्फा नाही असं समजावं. `Layer > Transparency > Add Alpha Channel` केलं की खोडलेली जागा खरोखर आरपार होते. हे पहिल्यांदाच पाहून घ्यावं, नाहीतर तासभर खोडून हाती येतो तो पांढऱ्या पानावरचा फोटो.

कापण्याचं तंत्र प्रत्येकाचं वेगळं. कुणी पेन टूलने बिंदू टाकत जातो, कुणी निवड करून भिंत उडवतो, कुणी फोनवरच भागवतो. फोनच्या मोफत अॅपने कापलं तर निघालेली फाइल किती पिक्सेलची आहे ते आधी पाहावं. बरीच अॅप्स पैसे भरल्याशिवाय लहान केलेलं चित्रच हाती देतात, आणि मूळ फोटो मागवण्यासाठी केलेली सगळी यातायात वाया जाते. कापून झाल्यावर दोन-तीन जागा हमखास तपासायच्या. चष्म्याची काडी आणि कान यांच्यामधल्या चिमुकल्या त्रिकोणात पोपटी भिंत राहिलेली असते. हात आणि अंग यांच्यामध्ये फट असेल तर तिथेही. आणि सदऱ्याच्या कॉलरपाशी पांढऱ्या कापडाचा तुकडा चुकून भिंतीबरोबर निघून गेलेला असतो.

खरी परीक्षा कडेची असते. टोपीच्या अगदी काठावरचा पिक्सेल कॅमेऱ्याला अर्धा टोपीवर आणि अर्धा भिंतीवर सापडतो, त्यामुळे त्याचा रंग पांढरा आणि पोपटी यांचं मिश्रण असतो. भिंत गेली तरी हे मिश्रण टोपीबरोबर चिकटून येतं. चौकटींवर ते दिसत नाही. म्हणून चित्राच्या खाली आधी एक गडद गुलाबी थर टाकून पाहावं आणि मग एक काळा. पोपटी कड लगेच डोळ्यांत भरते. ती घालवण्याचे दोन मार्ग आहेत. निवड एक-दोन पिक्सेल आत ओढायची (`Select > Shrink`) आणि बाहेरचं उडवायचं. किंवा थराचा अल्फा कुलूपबंद करून, म्हणजे भरीव जागेबाहेर रंग जाणार नाही अशी सोय करून, टोपीचाच पांढरा रंग ब्रशने कडेवरून फिरवायचा. चेहऱ्याला आणि जाकिटाला मी पहिला मार्ग घेईन. टोपीची घडी आणि चष्म्याची बारीक काडी आत ओढली तर आकार बिघडतो, तिथे दुसरा बरा.

एवढं झालं तरी एक अदृश्य कचरा उरतो. खोडताना कुठेतरी अल्फा ५ किंवा ८ असलेले ठिपके राहून जातात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण छपाईच्या प्रोग्रॅमला दिसतात. ते शोधायची एक सोपी युक्ती आहे. त्या थराच्या दहा-बारा प्रती एकावर एक टाकायच्या. पुसटपणा साठत जातो आणि विसरलेले डाग धुळीसारखे उमटतात. ते मूळ थरात पुसायचे आणि प्रती फेकून द्यायच्या. मग `Image > Crop to Content` करून भोवतीची रिकामी जागा छाटायची. छाटणी आजोबांना चिकटून न येता मध्येच कुठेतरी थांबली, तर त्या बाजूला अजून एखादा डाग लपलेला आहे असं खुशाल समजावं. ही छाटणी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. छपाईवाला ‘१० इंच उंच’ म्हणतो तेव्हा यंत्र सगळ्या फाइलची उंची १० इंच करतं. भोवती रिकामी जागा ठेवली तर आजोबा सात इंचांचेच येतात.

आता कप. बाजारातल्या नेहमीच्या ११ औंसाच्या कपाची उंची साधारण साडेनऊ सेंटिमीटर असते आणि छापता येणारी पट्टी सुमारे २० सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर उंच. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर पट्टीची फाइल साधारण २३६० गुणिले १०६० पिक्सेलची होते. यावरची छपाई सब्लिमेशनची. खास शाईने चित्र कागदावर उलटं छापतात, कागद कपाला गुंडाळतात आणि १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान काही मिनिटं दाबून तापवतात. शाईतला रंग वायू होऊन कपावरच्या पॉलिमरच्या थरात शिरतो. हा थर नसेल तर रंगाला शिरायला जागाच नसते, म्हणून घरातला साधा चिनी मातीचा कप घेऊन दुकानात जाण्यात अर्थ नाही.

या शाईत पांढरा रंग नाही. चित्रातला पांढरा म्हणजे ‘इथे शाई टाकू नका’, आणि पारदर्शक म्हणजेही तेच. दोन्ही ठिकाणी कपाचा स्वतःचा पांढरा दिसतो. म्हणजे पांढऱ्या कपापुरती पारदर्शकतेची धडपड जवळजवळ अनावश्यक आहे, पांढऱ्या पानावरचं चित्रही चालतं. अट एकच, की ते पान खरोखर २५५, २५५, २५५ असलं पाहिजे. पांढऱ्या भिंतीसमोर किंवा चादरीसमोर काढलेल्या फोटोत ते २४५-२५० च्या आसपास असतं. स्क्रीनवर पांढरंच भासतं, आणि कपावर आजोबांभोवती फिकट चौकट उमटते. रंग टिपणारं ड्रॉपर त्या जागी टेकवून आकडे पाहिले की खरं-खोटं कळतं.

टोपीचं काय झालं, तेही आता उघड आहे. पांढरी टोपी पांढऱ्या कपावर म्हणजे शाईच नाही. पण फोटोतली टोपी कुठेही शुद्ध पांढरी नसते. घडीत ती निळसर-राखाडी असते, बाजूला चेहऱ्याची लालसर झाक असते. हीच छटा टोपीला आकार देते. आपणच फोटो ‘उजळ’ करण्याच्या नादात ती पुसून टाकतो. कपाच्या फाइलसाठी टोपी आणि सदरा मुद्दाम थोडे दाबून ठेवावेत, सर्वांत उजळ जागाही २३५ च्या वर जाऊ देऊ नये. तेवढ्याने कड पुरेशी दिसली नाही तर आजोबांच्या मागे फिकट केशरी किंवा हळदी रंगाचं वर्तुळ टाकावं. बारीक राखाडी बाह्यरेषाही चालते. मला वर्तुळ जास्त आवडतं, कारण रेषेने माणूस स्टिकरसारखा दिसतो.

कपाला एक सवलत मात्र मिळते. अर्धवट पारदर्शक जागा इथे सुरेख येतात. आजोबांचा फोटो छातीपाशी संपतो. तिथे सरळ कापण्याऐवजी सदरा आणि जाकीट हळूहळू विरत नेले, तर कपाच्या पांढऱ्यात ते मऊपणे मिसळतात. मागे हलकी सावलीही चालते. जागा ठरवताना एवढं लक्षात ठेवावं: चित्राची रुंदी सात सेंटिमीटरच्या आत असली तर ते समोरून एका नजरेत मावतं. आपले ३ इंच उंच आजोबा साडेपाच सेंटिमीटर रुंद होतात, म्हणजे बसतात. उजव्या हाताने कप धरणाऱ्याला पट्टीचा उजवा अर्धा भाग दिसतो, समोर बसलेल्याला डावा. चहा पिताना आजोबांना स्वतःचा फोटो दिसावा की पाहुण्यांना, हे घरच्यांनी ठरवावं.

टी-शर्टवर यातलं बरंच उलटं होतं. नेव्ही ब्लू सुती शर्टावर सब्लिमेशन चालत नाही. त्याला पॉलिएस्टर लागतं, तेही फिकट रंगाचं. म्हणून अशी कामं हल्ली बहुतेक दुकानांत डीटीएफने होतात, म्हणजे आधी फिल्मवर आणि मग कापडावर. पारदर्शक प्लॅस्टिक फिल्मवर रंग उलटे छापतात, त्यांच्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात, ओल्या शाईवर चिकट पावडर भुरभुरतात, जादाची झटकतात आणि तापवून वितळवतात. मग फिल्म शर्टावर ठेवून हीट प्रेसखाली दीडशे अंशांच्या आसपास काही सेकंद दाबतात आणि सोलून काढतात. कापड, त्यावर पावडरीचा चिकट थर, त्यावर पांढरा, आणि सगळ्यात वर रंग. तो पांढरा नसता तर निळ्या कापडावर आजोबांचा चेहरा दिसलाच नसता.

पांढरं कुठे टाकायचं हे छपाईचा प्रोग्रॅम अल्फावरून ठरवतो. जिथे पिक्सेल भरीव तिथे पांढरं, जिथे आरपार तिथे काही नाही. आजोबांची टोपी शुद्ध पांढरी असली तरी इथे ती छापली जाते, कारण पांढरा आणि पारदर्शक आता दोन वेगळे हुकूम आहेत. कपासाठी चालून गेलेलं पांढरं पान इथे आजोबांमागे पांढऱ्या आयतासारखं उभं राहील. आणि टोपी कापताना चुकून आरपार झाली असेल, तर टोपीच्या जागी निळं कापड दिसेल.

अडचण येते ती अर्धवट पारदर्शक पिक्सेलची. मऊ कड, विरत जाणारा सदरा, सावली, या जागी प्रोग्रॅम पांढऱ्याचे विरळ ठिपके टाकतो किंवा सरसकट पांढरं भरतो, जशी सेटिंग असेल तसं. विरळ ठिपक्यांवर पावडर नीट धरत नाही आणि दोन-चार धुण्यांत कड सुटू लागते. सरसकट पांढरं भरलं तर सावलीच्या जागी दुधी धुकं उमटतं. कपावर देखणी दिसणारी सावली शर्टावर घाण दिसते ती यामुळे. म्हणून शर्टाच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण भरीव हवा, नाहीतर पूर्ण आरपार. मधलं काही नको.

हे करायचं कसं, त्यात क्रमाला महत्त्व आहे. आपले आजोबा १४०० गुणिले १९०० पिक्सेल आहेत. याच आकारात कड कडक केली तर जिन्यासारख्या पायऱ्या दिसतील. म्हणून आधी `Image > Scale Image` मधून चित्र छपाईच्या मापाला, म्हणजे १० इंच गुणिले ३०० असं ३००० पिक्सेल उंच करून घ्यायचं. रुंदी आपोआप २२११ च्या आसपास येते. चेहऱ्यात याने नवा तपशील येत नाही, हे वर आलंच आहे. फायदा होतो तो कडेला. मग `Layer > Transparency > Threshold Alpha` घेऊन सीमा मधोमध ठेवायची. निम्म्याहून भरीव असलेले पिक्सेल पूर्ण भरीव होतात आणि बाकीचे नाहीसे होतात. आता पायऱ्या आहेतच, पण एकेक पायरी मिलिमीटरच्या बाराव्या हिश्शाएवढी, म्हणजे कापडाच्या धाग्यापेक्षा बारीक. गुलाबी थर पुन्हा खाली टाकून कड एकदा पाहून घ्यावी. मघाचे सगळे पुसट डागही या पायरीत आपोआप निघून जातात.

छातीपाशी विरत जाणारी कड शर्टावर नको. सदऱ्याचा खालचा काठ एका गोलसर रेषेत स्वच्छ कापावा, किंवा खाली नावाची पट्टी द्यावी. विरतं हवंच असेल तर त्या भागाचे भरीव ठिपक्यांच्या जाळीत रूपांतर करतात, वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसते तशी. ठिपके फार बारीक ठेवू नयेत. कपाळावर उडणारा एकटादुकटा केस, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेष, नाजूक अक्षरांचे शेपटे, यांच्याखाली पावडरीला धरायला जागा पुरत नाही. केस आजीचे मोकळे असते तर मी बटांचा ठळक आकार ठेवून सुटे केस कापून टाकले असते. आजोबांना टोपीने वाचवलं आहे.

जाकीट काळं आणि कापड गडद निळं, त्यामुळे कुणी सुचवेल की जाकीट आरपार करून टाका, शाई वाचेल आणि छातीवर प्लॅस्टिकसारखा लागणारा तुकडाही लहान होईल. काळ्या शर्टावर ही युक्ती खरोखर चांगली चालते. निळ्यावर जाकीट निळं होईल. चालणार असेल तर करावं, पण जाकिटाच्या घड्या आणि बटणं यांच्यापुरते भरीव भाग ठेवून.

छपाईवाल्याकडे दोन स्वतंत्र फाइल्स जाव्यात, नावात माप आणि वस्तू लिहून: `ajoba_mug_3in.png` आणि `ajoba_tshirt_10in.png`. रंग आरजीबीमध्येच ठेवावेत. पीएनजीमध्ये सीएमवायके साठवताच येत नाही आणि ते रूपांतर दुकानातला प्रोग्रॅम करतो. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी किंवा निऑन गुलाबी तसाच येईल ही अपेक्षा सोडावी. चेहऱ्याच्या रंगाला सहसा धक्का लागत नाही.

शर्टाच्या बारा प्रती सांगण्याआधी घरच्या किंवा कोपऱ्यावरच्या प्रिंटरवर साध्या ए-फोर कागदावर आजोबा दहा इंचांचे छापून घ्या, तो कागद शर्टावर टाचणीने लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून पाहा. चेहरा धूसर वाटला तर तो शर्टावरही धूसरच येईल. आणि छपाईवाल्याला सांगा की पहिली फिल्म निघाली की दाबण्याआधी ती त्याच रंगाच्या कापडावर ठेवून तिचा फोटो पाठवा. पावडरीची कड, राहिलेली भिंत, दुधी धुकं, सगळं त्या फोटोत कळतं. फिल्म त्या टप्प्यावर फेकून देता येते. दाबलेला शर्ट आणि तापून निघालेला कप परत घेता येत नाहीत.